फुप्फुसांतला वाढलेला दाब आणि थकत जाणारा उजवा कप्पा

दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्तदाब हृदयाच्या डाव्या बाजूने निर्माण केलेला असतो. १२० बाय ८० हा आकडा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पण शरीरात दुसरा एक रक्तदाब असतो, तो दंडावरून मोजता येत नाही. हृदयाचा उजवा खालचा कप्पा शरीरातून आलेले अशुद्ध रक्त फुप्फुस धमनीतून फुप्फुसांकडे ढकलतो. या धमनीतला दाब निरोगी माणसात साधारण २५ बाय १० असतो आणि त्याची सरासरी १४ मिमी पारा भरते. विश्रांतीत असताना ही सरासरी २०च्या वर गेली की त्याला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. पूर्वी ही मर्यादा २५ होती, ती अलीकडे खाली आणली आहे.

दोन्ही बाजूंमधून जाणारे रक्त मात्र अगदी सारखेच असते. विश्रांतीत दर मिनिटाला सुमारे ५ लिटर डावीकडून जाते आणि तेवढेच उजवीकडून. मग दाबात एवढा फरक का? कारण उजव्या कप्प्याला रक्त फार लांब न्यायचे नसते आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या रुंद, मऊ, सहज ताणल्या जाणाऱ्या असतात. दाब कमी असणे तिथे गरजेचेही आहे. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा इतका पातळ असतो की सूक्ष्म वाहिन्यांतला दाब वाढला, तर पाणी झिरपून हवेच्या पिशव्यांत साठते.

कमी दाबाचे काम असल्यामुळे उजव्या कप्प्याची भिंतही पातळ असते, जेमतेम ३ ते ४ मिमी. डाव्या कप्प्याची साधारण १० मिमीपर्यंत जाते. शेतकऱ्याला हे लगेच कळेल: विहिरीतून शेजारच्या पाटात भरपूर पाणी सोडणारा पंप टेकडीवरच्या टाकीला जोडला, तर मोटर फिरते, तापते आणि टाकीत पडणारी धार बारीक होत जाते. उजवा कप्पा पाटाचा पंप आहे. फुप्फुसांतला दाब वाढतो तेव्हा त्याला टेकडीवर पाणी चढवायला लावलेले असते.

दाब नेमका कुठून वाढतो, हे आधी वेगळे करावे लागते, कारण पुढचे सगळे उपचार त्यावरच ठरतात. एका प्रकारात मूळ दोष हृदयाच्या डाव्या बाजूला असतो. डाव्या बाजूची झडप अरुंद झालेली असते किंवा डावा कप्पा ताठ वा कमजोर झालेला असतो. फुप्फुसांतून परत आलेले रक्त तिथे तुंबते आणि तो दाब मागे मागे सरकत फुप्फुस धमनीपर्यंत पोचतो. जगभरात हाच प्रकार सर्वांत जास्त आढळतो. लहानपणी झालेल्या संधिवाताच्या तापामुळे अरुंद झालेली मायट्रल झडप हे आपल्याकडे त्याचे ओळखीचे कारण आहे. दुसऱ्या प्रकारात बिघाड फुप्फुसांच्या धमन्यांतच असतो. त्यांच्या भिंतीतले स्नायू आवळले जातात, आतले अस्तर जाड होते आणि पोकळी बारीक होत जाते. याशिवाय जुन्या गुठळ्या धमन्यांत घट्ट चिकटून बसल्याने दाब वाढतो. चुलीचा धूर, विडी किंवा जुना क्षयरोग यांनी फुप्फुस खराब झाल्यानेही वाढतो. शरीराच्या इतर रक्तवाहिन्या ऑक्सिजन कमी पडला की रुंद होतात, फुप्फुसांतल्या मात्र आवळतात. फुप्फुसाच्या आजारी भागाकडे रक्त फुकट जाऊ नये, यासाठीची ती व्यवस्था आहे. पण सगळे फुप्फुसच आजारी असेल, तर सगळीकडच्याच वाहिन्या आवळल्या जातात.

धमन्या बारीक होत असताना सुरुवातीला काहीच जाणवत नाही. निरोगी माणसाच्या फुप्फुसांत रक्तवाहिन्यांची मोठी शिल्लक असते. धावताना रक्ताचा प्रवाह तिप्पट-चौपट झाला तरी मिटलेल्या वाहिन्या उघडतात आणि दाब थोडाच वाढतो. शस्त्रक्रियेत एक पूर्ण फुप्फुस काढले तरी विश्रांतीतला दाब बहुतेकदा फारसा चढत नाही. म्हणूनच विश्रांतीत दाब वाढलेला दिसू लागतो, तोवर वाहिन्यांचा बराच मोठा भाग निकामी झालेला असतो. पहिली धाप लागते तेव्हा आजार नुकता सुरू झालेला नसतो.

आता उजव्या कप्प्याकडे येऊ. समोरचा अडथळा हळूहळू वाढत असेल, तर तो आधी जुळवून घेतो. भिंतीतले स्नायू जाड होतात आणि प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावून तो तेवढेच रक्त पुढे ढकलत राहतो. ही अवस्था काही वर्षे टिकू शकते, आणि तेवढा काळ माणूस सपाट रस्त्यावर बऱ्यापैकी चालतो. जुळवून घ्यायला वेळच मिळाला नाही तर काय होते, हे फुप्फुसात अचानक मोठी गुठळी अडकल्यावर दिसते. तयारी नसलेला पातळ कप्पा सरासरी ४० मिमी पाऱ्याच्या वर दाब निर्माणच करू शकत नाही आणि काही मिनिटांत कोलमडतो. जुन्या रुग्णाचा जाड झालेला कप्पा मात्र ५०-६०चा सरासरी दाबही पेलताना दिसतो.

पण जाड होण्याला मर्यादा आहे. ती ओलांडली की कप्पा पसरू लागतो, आणि इथून एकमेकांना वाढवत नेणारी दुष्टचक्रे सुरू होतात. भिंतीवरचा ताण आतल्या दाबाबरोबर वाढतो, तसाच कप्प्याच्या रुंदीबरोबरही वाढतो आणि भिंत जाड असेल तर कमी होतो. कप्पा पसरला की रुंदी वाढते आणि भिंत ताणून पातळ होते. म्हणजे दाब तोच असला तरी ताण वाढतो. ताण वाढला की स्नायूला जास्त ऑक्सिजन लागतो. नेमका तेव्हाच पुरवठा घटतो. निरोगी उजव्या कप्प्याच्या स्नायूला रक्त आकुंचनाच्या वेळी मिळते आणि शिथिल होतानाही मिळते, कारण आतला दाब महाधमनीतल्या दाबापेक्षा खूपच कमी असतो. आतला दाब चढला की आकुंचनाच्या वेळी हा पुरवठा जवळजवळ थांबतो. त्यामुळे कोरोनरी धमन्या अगदी स्वच्छ असलेल्या तिशीतल्या माणसालाही चालताना छातीत दुखू शकते.

दुसरे चक्र दोन कप्प्यांमधल्या पडद्याचे आहे. एरवी हा पडदा उजवीकडे फुगलेला असतो आणि आडव्या छेदात डावा कप्पा गोल दिसतो. उजवीकडचा दाब वाढला की पडदा सपाट होतो, पुढे डावीकडे ढकलला जातो. सोनोग्राफीत तेव्हा डावा कप्पा इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा दिसतो. हृदयाभोवतीचे आवरण फारसे ताणले जात नाही, म्हणून उजव्याने जागा अडवली की डाव्याला जागा कमी पडते. शिवाय उजवीकडून येणारे रक्तच कमी झालेले असते. डावा कप्पा निरोगी असूनही नीट भरत नाही, दंडावरचा रक्तदाब खाली येतो, आणि दंडावरचा दाब खाली आला की उजव्या कप्प्याच्या स्नायूला जाणारे रक्त आणखी घटते. रुग्ण पाहता पाहता खालावतो, तो बहुधा या फेऱ्यामुळे.

तिसरी गोष्ट झडपेची. कप्पा पसरल्याने ट्रायकस्पिड झडपेचे कडे ताणले जाते, पाकळ्या एकमेकींना पुऱ्या भिडत नाहीत आणि प्रत्येक ठोक्याला काही रक्त मागे फिरते. झडप स्वतः आजारी नसते. मागे फिरलेल्या रक्ताने वरच्या कप्प्यातला दाब वाढतो आणि तो शिरांमधून सर्वत्र पसरतो. मानेच्या शिरा फुगतात, यकृत सुजून उजव्या बरगडीखाली दुखू लागते, भूक मरते, घोट्यांना सूज येते, पोटात पाणी होते. शिरांतला दाब वाढलेला आणि धमन्यांतला कमी, यामुळे मूत्रपिंडातून जाणारा प्रवाहही मंदावतो आणि लघवी घटते.

लक्षणांचा अर्थ या चक्रांवरून लागतो. जिना चढताना किंवा घाईने चालताना धाप लागते, पण डॉक्टरांनी छाती तपासली तर श्वासाचा आवाज अनेकदा स्वच्छ असतो. म्हणून अशक्तपणा, दमा, ताण अशी नावे मिळतात आणि लोहाच्या गोळ्यांवर किंवा पंपावर महिने जातात. चढ चढताना डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा शुद्ध हरपणे हे लक्षण यापेक्षा गंभीर आहे. श्रम केल्यावर पायांतल्या स्नायूंच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, तेव्हा हृदयाने जास्त रक्त पुढे पाठवायला हवे असते. अडलेल्या उजव्या कप्प्याला ते जमत नाही, रक्तदाब कोसळतो आणि मेंदूला रक्त अपुरे पडते. श्रमाच्या वेळी आलेली चक्कर ‘उन्हाने आली असेल’ म्हणून सोडून देऊ नये, हे आम्ही ठामपणे सांगतो.

पहिली उपयोगी तपासणी म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, टूडी इको. इथे दाब थेट मोजला जात नाही, अंदाजला जातो. ट्रायकस्पिड झडपेतून मागे फिरणाऱ्या रक्ताचा वेग मोजतात, त्याचा वर्ग करून चारने गुणतात आणि वरच्या कप्प्यातला अंदाजे दाब त्यात मिळवतात. वेग सेकंदाला ४.२ मीटर असेल, तर वर्ग १७.६, चारपट साधारण ७१. वरच्या कप्प्याचे ८ धरले की ७९. हा आकुंचनाच्या क्षणीचा सर्वोच्च दाब असतो, सरासरी नव्हे. म्हणून याची तुलना २० या मर्यादेशी करायची नसते. वेग २.८ मीटरपर्यंत असेल आणि इतर कोणतीही खूण नसेल, तर आजाराची शक्यता कमी. मात्र मागे फिरणारी धारच नीट दिसली नाही, तर वेग मोजता येत नाही, आणि त्याचा अर्थ दाब वाढलेला नाही असा होत नाही.

आपल्याकडच्या इको रिपोर्टात ‘सिव्हियर पीएएच’ असे सरसकट लिहिलेले असते. पीएएच म्हणजे काटेकोरपणे फक्त धमन्यांतच दोष असलेला प्रकार, आणि तो केवळ या आकड्यावरून ठरत नाही. रिपोर्ट हातात आला की दाबाच्या आकड्याबरोबर उजव्या कप्प्याचे वर्णन वाचावे. तो डाव्यापेक्षा मोठा दिसतो का, पडदा सपाट झाला आहे का, पोटातून हृदयाकडे येणारी मोठी शीर फुगली आहे का, हे त्यात असते. टॅप्सी नावाचे एक सोपे मापही असते. आकुंचनाच्या वेळी झडपेचे कडे किती खाली सरकते ते मिलिमीटरमध्ये दिलेले असते, आणि १७ पेक्षा कमी असेल तर उजव्या कप्प्याचे आकुंचन कमजोर झाले आहे.

निदान पक्के होते ते उजव्या हृदयात नळी घालून, म्हणजे राइट हार्ट कॅथेटरायझेशनने. मानेच्या किंवा मांडीच्या शिरेतून बारीक नळी उजव्या कप्प्यांतून फुप्फुस धमनीत नेतात. टोकाचा छोटा फुगा धमनीच्या एका फांदीत अडकवला की पलीकडचा, म्हणजे डाव्या बाजूचा दाब कळतो. त्याला वेज प्रेशर म्हणतात. ते १५ किंवा त्याहून कमी असेल तर डावी बाजू बहुधा निर्दोष. मग सरासरी दाबातून वेज वजा करायचा आणि मिनिटाला किती लिटर रक्त वाहते त्या आकड्याने भागायचे. उत्तर म्हणजे फुप्फुसांचा रोध, एकक वुड युनिट. २ पेक्षा जास्त रोध असामान्य.

एक उदाहरण आकड्यांसकट पाहू. समजा, ३६ वर्षांच्या एका बाईंना वर्षभर जिना चढताना धाप लागते आहे. गुठळ्या शोधण्याचा फुप्फुसांचा व्ही-क्यू स्कॅन निर्दोष आहे, फुप्फुसे ठीक आहेत, संधिवाताच्या रक्ततपासण्याही निर्दोष. कॅथेटरने सरासरी दाब ५२, वेज १०, प्रवाह मिनिटाला ४.२ लिटर. रोध झाला ४२ भागिले ४.२, म्हणजे १०. वरच्या उजव्या कप्प्यात दाब ७, म्हणजे अजून मर्यादेत. नाडी ८४, तेव्हा दर ठोक्याला ५० मिली रक्त पुढे जाते. धमन्या खूप आवळल्या आहेत, पण उजवा कप्पा अजून तग धरून आहे.

एकच औषध सुरू होते आणि वर्षभराने पुन्हा नळी घालतात. आता सरासरी दाब ४६. कागदावर सुधारणा वाटते, घरचेही खूश होतात. पण बाईंच्या पायांवर सूज आहे आणि त्या न्हाणीघरापर्यंत जाताना थांबतात. बाकीचे आकडे बघा: वेज तोच १०, प्रवाह ३ लिटरवर घसरला, म्हणून रोध ३६ भागिले ३, म्हणजे १२. वरच्या कप्प्यातला दाब १५. नाडी १००, दर ठोक्याला फक्त ३० मिली. दाब उतरला तो धमन्या मोकळ्या झाल्या म्हणून नव्हे. कप्प्याला जोर लावता येत नाही, रक्त कमी ढकलले जाते, म्हणून समोरचा दाबही कमी भरतो.

मग वेगवेगळ्या वाटांनी काम करणारी तीन औषधे एकत्र दिली जातात, लघवीच्या गोळ्यांनी साठलेले पाणी काढले जाते. काही महिन्यांनी सरासरी दाब ४५, पूर्वीपेक्षा एकनेच कमी. प्रवाह मात्र ५ लिटर, रोध ३५ भागिले ५, म्हणजे ७. वरच्या कप्प्यातला दाब ६, नाडी ७८, दर ठोक्याला ६४ मिली. बाई बाजारात जाऊन येतात. दोन तपासण्यांमध्ये दाब जवळजवळ सारखाच, माणसाची स्थिती अगदी उलट. म्हणून जाणकार डॉक्टर दाबाच्या आकड्यापाशी थांबत नाहीत. सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालतो, हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारे एनटी-प्रोबीएनपी हे द्रव्य किती आहे, वरच्या कप्प्यात दाब किती आहे, हे ते विचारतात. ४४० मीटरपेक्षा जास्त चालणे आणि प्रोबीएनपी ३०० पेक्षा कमी असणे ही चांगली चिन्हे. १६५ मीटरपेक्षा कमी चालणे आणि प्रोबीएनपी ११०० पेक्षा जास्त असणे ही धोक्याची.

उपचारांत चुका होतात त्या बहुतेक उजव्या कप्प्याचे हे गणित विसरल्यामुळे. रक्तदाब कमी दिसला म्हणून भराभर सलाईन चढवले, तर आधीच ताणलेला कप्पा आणखी पसरतो, पडदा आणखी डावीकडे सरकतो आणि रक्तदाब अजून खाली येतो. उलट लघवीच्या गोळ्या अति झाल्या, तर कप्प्याला भरायलाच रक्त उरत नाही. म्हणून रोज सकाळी लघवी करून आल्यावर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर वजन करून लिहून ठेवावे. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढले, तर ते पाणी आहे, आणि सूज दिसण्याआधीच डॉक्टरांना कळवायला हवे. लोणची, पापड, फरसाण यांतले मीठ या हिशोबात थेट उतरते.

धमन्या रुंद करणारी खास औषधे प्रत्येकाला चालत नाहीत. दोष डाव्या बाजूला असताना सिल्डेनाफिलसारखी गोळी केवळ इकोतला आकडा पाहून देणे चूक आहे. तिथे झडप किंवा डावा कप्पा यांचा इलाज हवा. फुप्फुसांकडचा नळ मोकळा करून पुढचे तुंबलेले तसेच ठेवले, तर फुप्फुसांत पाणी भरू शकते. सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल घेणाऱ्याने छातीत दुखले म्हणून जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी कधीच घेऊ नये, रक्तदाब धोकादायक इतका कोसळतो. घरातल्या सगळ्यांना आणि जवळच्या डॉक्टरांना हे माहीत असायला हवे. रिओसिग्वाट हे धमन्या रुंद करणारे औषधही या गोळ्यांबरोबर चालत नाही. बोसेंटान घेत असताना यकृताची तपासणी दर महिन्याला करावी लागते. बोसेंटान, अँब्रिसेंटान आणि मॅसिटेंटान ही तिन्ही गर्भाला अपाय करतात. मुळात या आजारात गरोदरपणच आईच्या जिवावर बेतू शकते, कारण वाढलेला रक्तप्रवाह अडलेल्या धमन्यांतून जाऊ शकत नाही. तेव्हा भरवशाचे गर्भनिरोधन हा उपचाराचाच भाग आहे, आणि बोसेंटानमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हेही डॉक्टरांशी बोलून घ्यावे. बरे वाटले म्हणून किंवा गावी गोळ्या मिळाल्या नाहीत म्हणून औषध एकदम बंद पडले, तर आवळलेल्या धमन्या पुन्हा आवळतात. प्रवासाला निघताना पुरून उरतील इतक्या गोळ्या जवळ हव्यात.

जुन्या गुठळ्यांमुळे आलेला प्रकार वेगळा ओळखणे फार मोलाचे आहे, कारण तो शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. रक्त पातळ करणारे औषध तीन महिने नीट घेऊनही धाप जात नसेल, तर व्ही-क्यू स्कॅन करायला हवा. साध्या सीटी स्कॅनमध्ये हे जुने चिकटलेले पापुद्रे सुटू शकतात. शस्त्रक्रियेत शरीर सुमारे २० अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून रक्ताभिसरण थोड्या थोड्या वेळासाठी पूर्ण थांबवतात आणि धमन्यांच्या आतून हे पापुद्रे सोलून काढतात. पुढच्या महिन्यांत पसरलेला उजवा कप्पा लहान होतो, पडदा जागेवर येतो आणि गळणारी झडपही बहुतेकदा हात न लावता मिटू लागते. औषधांना दाद न देणाऱ्या धमन्यांच्या आजारात दोन्ही फुप्फुसांचे प्रत्यारोपण करतात, तेव्हाही असेच घडते. म्हणून अशा बहुतेक रुग्णांमध्ये फुप्फुसे तेवढी बदलतात आणि हृदय त्याचेच ठेवतात.